रात्रभर शांत झोपलेलं बाळ: नवजात सेप्सिस कसा ओळखायचा, नव्याने रुजू झालेल्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात नव्याने काम सुरू केलेल्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि बाळंतिणींच्या वॉर्डात पहिली ड्युटी लागलेले इंटर्न यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्या हातात प्रयोगशाळा नसते. घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा आणि डोळे एवढंच असतं. नवजात बाळाचा सेप्सिस, म्हणजे रक्तात शिरलेला आणि सगळ्या शरीरावर परिणाम करू लागलेला जंतुसंसर्ग, बहुतेक वेळा एवढ्यावरच पकडावा लागतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की सणकून ताप येतो, थंडी वाजते, तो कण्हतो. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते. आईकडून मिळणारी संरक्षक द्रव्यं मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत वारेतून बाळाकडे जातात, म्हणून दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाकडे ती कमीच असतात. अशा बाळाचं शरीर संसर्गाशी झगडताना बाकीची कामं कमी करत जातं. ते दूध कमी ओढतं, हात-पाय कमी हलवतं, बारीक आवाजात रडतं आणि थंड पडतं. म्हणजे आजार वाढत असताना बाळ अधिकाधिक शांत होत जातं. घरच्यांना ते गुणी वाटतं, आणि धोका नेमका तिथेच आहे.

पहिली पायरी: वय तासांत विचारा

‘बाळ किती दिवसांचं?’ एवढं विचारून थांबू नका. जन्माची तारीख आणि वेळ घ्या. ७२ तासांच्या आत लक्षणं दिसली तर त्याला लवकर सुरू झालेला सेप्सिस म्हणतात, त्यानंतर दिसली तर उशिरा सुरू झालेला. हा आकडा केवळ नोंदीसाठी नाही. जंतू कुठून आला असावा आणि पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे त्यावरून ठरतं.

बाळ ७२ तासांच्या आतलं असेल तर प्रश्न बाळंतपणाचे. पाणमोट फुटल्यापासून बाळ जन्मेपर्यंत किती तास गेले? १८ ते २४ तासांहून जास्त गेले असतील तर योनिमार्गातल्या जंतूंना वर चढायला भरपूर वेळ मिळालेला असतो. पाण्याला घाण वास होता का? कळांच्या काळात आईला ताप होता का? आतून तपासणी किती वेळा झाली? बाळ दिवस भरण्याआधी आपणहून आलं का? जन्मल्यावर लगेच रडलं का? यातली एखादी गोष्ट असली म्हणजे बाळाला सेप्सिस झालाच असं नाही. पण एकापेक्षा जास्त गोष्टी जुळल्या तर ते बाळ धडधाकट दिसत असलं तरी पहिले ३ दिवस त्याच्यावर बारीक लक्ष हवं आणि डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. लवकरच्या सेप्सिसमध्ये बहुतेक वेळा श्वासाचा त्रास आधी दिसतो: धाप लागते, नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो.

७२ तासांनंतरचं बाळ असेल तर प्रश्न बदलतात. आता जंतू हातांवरून, दुधाच्या बाटलीवरून, बेंबीवर लावलेल्या कशावरून तरी किंवा बाळ रुग्णालयात असेल तर सलाईनच्या सुईवरून आणि नळ्यांवरून येतो. बेंबीला काय लावलं, वरचं दूध किंवा बाळगुटी कशातून दिली, बाळाला कोण कोण हाताळतं, घरात कुणाला गळू किंवा ताप आहे का, हे विचारा. आजीवर ठपका ठेवल्यासारखं विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही. ‘आमच्याकडे कुणी हळद लावतं, कुणी तेल, तुम्ही काय लावलं?’ असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात.

दुसरी पायरी: दुधाबद्दल आकड्यात विचारा

‘बाळ दूध पितं का?’ याला जवळजवळ प्रत्येक घरात ‘हो’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वेळा पाजलं, दर वेळी बाळ किती वेळ ओढत होतं, स्वतःहून जागं झालं की उठवावं लागलं, हे विचारा. आणि परवा किती वेळा पीत होतं तेही विचारा. पहिल्या दिवसापासून कमी पिणाऱ्या बाळाची कारणं अनेक असू शकतात. पण चांगलं पिणाऱ्या बाळाने पिणं कमी केलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो संसर्ग समजायचा.

सोलापुरात एक अडचण हमखास येते. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. बाळंतीण मराठीत ‘बरं आहे’ म्हणते, पण तिला जे सांगायचंय ते तिच्या भाषेतच नीट येतं. शेजारची मुलगी असो, जाऊ असो, कुणालातरी मध्ये घ्या आणि आईचं वाक्य जसंच्या तसं ऐका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, सेप्सिस ओळखून औषध द्यायलाही शिकवलं. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज आशाताई ज्या गृहभेटी करतात त्यांची मुळं तिथे आहेत. त्या लक्षणांच्या यादीत ‘बाळ हाताला गार लागतं असं आई सांगते’ हेही एक लक्षण होतं. आईचं म्हणणं हा पुरावा आहे, तो तसाच लिहून घ्या.

तिसरी पायरी: हात लावा, मग थर्मामीटर

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा, पुसू नका, हवेत वाळवा. मग हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय पाहा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाला थंडी लागते आहे. दोन्ही गार असतील तर बाळ धोक्यात आहे. त्यानंतर काखेत थर्मामीटर लावून बीप वाजेपर्यंत हात अंगाशी धरून ठेवा. ३५.५ अंश सेल्सिअसपेक्षा, म्हणजे ९५.९ फॅरनहाइटपेक्षा कमी असेल तर तो धोक्याचा आकडा. ३७.५, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर तोही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत टोपडं, झबलं आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाचं अंग नुसत्या उकाड्यानेही तापू शकतं. फरक असा पाहा: उकाड्याने तापलेल्या बाळाचे हात-पायही पोटाइतकेच गरम असतात, चेहरा लालसर असतो, ते जोरात रडतं आणि छातीला लावलं की अधाशासारखं पितं. संसर्गाच्या तापात पोट गरम पण हात-पाय गार असं बऱ्याचदा दिसतं, आणि बाळ मलूल असतं. बाळ तरतरीत असेल तर जादा कपडे काढा, खोलीतल्या गार कोपऱ्यात न्या, अंगावर पाजायला लावा आणि तासाभराने तिथेच थांबून पुन्हा मोजा. आकडा उतरला नाही तर बाळ पाठवायचं. आणि पिणं कमी झालेलं असेल तर या तासाभराचीही वाट पाहायची नाही. ‘उन्हाळाच आहे’ हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटतं, म्हणूनच मला त्याची फार भीती वाटते.

चौथी पायरी: श्वास पूर्ण मिनिटभर मोजा

बाळ शांत असताना, पोट उघडं ठेवून, घड्याळाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मधेच ५ ते १० सेकंद थांबून तो पुन्हा सुरू होतो, आणि बाळाचा रंग चांगला असेल तर तसं होणं स्वाभाविक आहे. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे असं लिहा. २० सेकंदांहून जास्त थांबलेला श्वास, किंवा श्वास थांबताना निळं-पांढरं पडणं, हे कधीच स्वाभाविक नसतं. फासळ्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला खोल आत ओढला जात असेल तर मोजत बसू नका, पाठवण्याच्या तयारीला लागा.

पाचवी पायरी: दुपटं पूर्ण सोडा

गुंडाळलेल्या बाळाकडे नुसतं बघून ‘छान आहे’ म्हणू नये. पंखा बंद करून मिनिटभर उघडं करा. पोट फुगून ताणलेलं आहे का, हिरवी उलटी झाली आहे का, बेंबीतून पू येतो का, बेंबीभोवतीच्या कातडीवर लाली पसरली आहे का, अंगावर जाळीदार निळसर चट्टे आहेत का, टाळू फुगलेली आहे का, हे पाहा. तळपायावर टिचकी मारा. निरोगी बाळ पाय ओढून घेतं, रडतं. नुसतं चेहरा वाकडा करून पुन्हा झोपी जाणारं बाळ आजारी समजा. हात-पाय थरथरत असतील तर हलकेच धरून पाहा. धरल्यावर थांबली तर ती साधी थरथर, तरी रक्तातली साखर तपासायला हवी. धरूनही झटके चालूच राहिले तर ती आकडी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर उठणारे लाल पुरळ, पाजल्यावर तोंडातून येणारं थोडं दूध, शिंका, पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या दहाव्या भागापर्यंत होणारी घट, हे सगळं बाळ नीट पीत असेल तर काळजीचं नाही.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, मोहोळ तालुक्यातल्या एका गावातली मुलगी आहे. ३६व्या आठवड्यात जन्मली, वजन २.१ किलो, तिसऱ्या दिवशी घरी गेली. ७व्या दिवशी आशाताईंच्या भेटीत दिवसातून १० वेळा पीत होती, अंग उबदार होतं. ९व्या दिवशी सकाळी आईचा फोन येतो: ‘ताई, रात्रभर शांत झोपली, आज उठतच नाही.’ ताई पोचतात. कालपासून फक्त ४ वेळा पाजलंय, तेही उठवून. पोट आणि पाय दोन्ही गार, काखेत ३५.२ अंश. श्वास पहिल्यांदा ६६, दुसऱ्यांदा ६४. पोट थोडं फुगलेलं, बेंबीला तेल-हळद लावलेली आणि भोवती बोटभर लाली. टिचकी मारल्यावर बारीक कुरकुर, बस.

इथे ताप नाही, आकडी नाही, जोराचं रडणं नाही. पण पिणं घटलं, अंग थंड पडलं, श्वास जलद झाला, हालचाल कमी झाली आणि बेंबी लाल झाली. यातलं पहिलं एकच असतं तरी ती गेलीच पाहिजे होती.

ताई १०८ला फोन करतात. गाडी येईपर्यंत मुलीला आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवतात, डोक्याला टोपडं, वरून आईचं लुगडं आणि चादर. मुलगी अजून गिळू शकते, म्हणून आईचं दूध वाटीत पिळून चमच्याने थोडं थोडं देतात, कारण थंड आणि उपाशी बाळाची साखर वाटेतच उतरते. बेशुद्ध किंवा आकडी येत असलेल्या बाळाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, गाडी यायला वेळ आहेच. पण त्यासाठी गाडी थांबवायची नाही. आरोग्य केंद्र वाटेत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सूचनेनुसार वजनावर मोजलेला प्रतिजैविकाचा पहिला डोस तिथे द्यावा आणि वेळेसह चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठीत जन्माची वेळ, जन्मवजन, आजचं वजन, शेवटचं दूध कधी, तापमान, श्वास आणि बेंबीची लाली एवढं असलं तरी पुढच्या डॉक्टरांचा पाऊण तास वाचतो.

मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिकचे थेंब घरी देऊन एक दिवस वाट बघणं, हे मात्र होऊ देऊ नका. त्याने संसर्ग बरा होत नाही, लक्षणं तेवढी झाकली जातात आणि पुढे कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, जंतू सापडत नाही.

नवजात शिशू अतिदक्षता कक्षात मुलगी पोचते. साखर ३६ निघते, ४५पेक्षा कमी. म्हणून १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोला २ मिली या हिशेबाने सुमारे ४ मिली शिरेतून दिलं जातं आणि पुढे सलाईन चालू राहतं. प्रतिजैविक सुरू करण्याआधी ताज्या ठिकाणी सुई टोचून, कातडी नीट निर्जंतुक करून, १ मिली रक्त कल्चरला जातं. इंटर्न मंडळींनी हा १ मिलीचा आग्रह सोडू नये. बाळ लहान म्हणून ०.२ मिली पाठवलं तर थोडे असलेले जंतू त्या थेंबात येतच नाहीत, आणि ‘जंतू नाही’ असा रिपोर्ट येतो. मग पहिला डोस, कल्चरच्या निकालाची वाट न पाहता. उशिरा सुरू झालेला सेप्सिस आणि मलूल बाळ, म्हणून पाठीच्या कण्यातलं पाणीही तपासलं जातं. ते स्वच्छ निघतं, मेंदूज्वर नाही.

सीआरपी, म्हणजे संसर्ग झाल्यावर रक्तात वाढणारं एक प्रथिन, वाढलेला येतो. पण त्यावर फार विसंबू नका. संसर्ग सुरू झाल्यावर सीआरपी वाढायला १० ते १२ तास लागतात. जन्मानंतर ४ तासांनी केलेला नॉर्मल सीआरपी ‘सगळं ठीक’ असं सांगत नाही. २४ तासांनी पुन्हा करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू वाढतो.

जंतू कोणते, आणि आपल्याकडे पुस्तक कुठे अपुरं पडतं

परदेशी पुस्तकांत सोपी विभागणी असते. लवकरच्या सेप्सिसला ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय, दोन्ही आईच्या मार्गातून आलेले. उशिराच्या सेप्सिसला रुग्णालयात कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेबसिएला, आणि फार दिवस नळ्या असलेल्या अगदी लहान बाळांत कँडिडा ही बुरशी. घरून आलेल्या बाळात, विशेषतः बेंबी किंवा कातडीतून सुरुवात झाली असेल तर, स्टॅफिलोकोकस ऑरियस आठवायचा.

भारतात ही विभागणी तशी टिकत नाही. दिल्लीतल्या ३ मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तिथेच जन्मलेल्या बाळांचा अभ्यास झाला. त्यात सेप्सिसचे जवळपास दोन-तृतीयांश प्रसंग ७२ तासांच्या आतले होते, आणि जंतूंमध्ये पुढे होते अ‍ॅसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के, ई. कोलाय १४ टक्के. लवकरच्या आणि उशिराच्या सेप्सिसमधले जंतू जवळपास सारखेच निघाले. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे ओलसर जागी तग धरणारे, रुग्णालयात रुळलेले जंतू आहेत. सक्शनची नळी, ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी, हात. याचा अर्थ आपल्याकडे पहिल्या दिवशी आजारी पडलेल्या बाळालाही जंतू आईकडूनच आला असं गृहीत धरता येत नाही, तो प्रसूतिगृहातूनही आलेला असू शकतो. आईला दोष देण्याआधी आपल्या सक्शनच्या बाटलीतलं पाणी कधी बदललं ते बघावं.

उपचारावर याचा थेट परिणाम होतो. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही नेहमीची पहिली जोडी. क्लेबसिएलावर अँपिसिलिन मुळातच चालत नाही, म्हणजे भार जेंटामायसिनवर येतो, आणि पुष्कळ क्लेबसिएला त्यालाही दाद देत नाहीत. म्हणूनच प्रत्येक कक्षाने आपल्याकडच्या कल्चरच्या निकालांवरून पहिली औषधं ठरवायची असतात, शेजारच्या जिल्ह्यातली यादी उचलायची नसते. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा जंतू जेंटामायसिनला दाद देत नव्हता, अमिकासिनला देत होता. औषध बदललं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून जागी होऊन रडली, चौथ्या दिवशी आईच्या अंगावर ओढू लागली. कल्चरमध्ये जंतू सापडला होता, म्हणून एकूण १४ दिवस औषध चाललं. मेंदूज्वर असता तर किमान २१ दिवस लागले असते.

उलट बाजूही सांगते. कल्चर ४८ तास कोरं राहिलं, सीआरपी दोनदा नॉर्मल आला आणि बाळ छान पितंय, तर प्रतिजैविक थांबवायचं. ‘असू दे अजून ५ दिवस’ म्हणून चालू ठेवलेलं औषध बाळाच्या पोटातले चांगले जंतू मारतं आणि कक्षात दाद न देणाऱ्या जंतूंना जागा करून देतं. मात्र बाळ अजून आजारी दिसत असेल तर कोऱ्या कल्चरवर विश्वास ठेवू नका, उपचार पूर्ण करा.

घरी परतल्यावर

१४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या भेटींतले जे दिवस रुग्णालयात गेले, त्यांच्या बदल्यात सुट्टी झाल्यावर दोन दिवसांत एक जादा भेट द्या. वजन दररोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढायला हवं. बेंबी पडून गेली असेल तर काही लावायचं नाही, पडली नसेल तर कोरडी ठेवायची. सेप्सिस आणि अमिकासिन-जेंटामायसिन या औषधांमुळे कानाला इजा होऊ शकते, तेव्हा सुट्टीच्या कागदावर श्रवणतपासणीची तारीख आहे का ते बघा. नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून ती लिहून घ्या, आणि त्या दिवशी आईसोबत कोण जाणार हेही तेव्हाच ठरवून टाका.